जावळाचा इंच

भागचंद शेठजींना जगातली प्रत्येक वस्तू मोजायची हौस होती. वाशीमच्या बाजारपेठेत त्यांचं कापडाचं मोठं दुकान होतं. गिऱ्हाइकाला कापड मोजून देताना त्यांचा गज असा आखडायचा की धोतर घरी नेल्यावर आपोआप पंचा व्हायचा. असा माणूस बालसंगोपन केंद्राच्या कमिटीचा अध्यक्ष झाला, कारण केंद्राला जागा त्यांनी दिली होती. दुकानामागची कापसाची खोली, तिच्यात ढेकूणही राहायला तयार नव्हते. तिला चुना फासला, दारावर पाटी लावली आणि शेठजी एका दिवसात लहान मुलांचे कैवारी झाले.

मी तिथे नर्स म्हणून आले तेव्हा चाळीस साल अर्धं सरत आलं होतं. आधीची बाई लग्न करून निघून गेली होती. नागपूरला मी हे काम नीट शिकले होते आणि मला ते येतं, हे सांगायला मला लाज वाटत नाही. वाशीमला पहिल्याच दिवशी मला दाखवण्यात आलं ते बाळांचं वजन नाही, औषधांचं कपाट नाही, तर भिंतीवरची एक काचेची चौकट. तिच्यात शेठजींच्या नातवाचा, रिखबचा वाढीचा तक्ता होता.

तक्ता छापील होता. खाली आडवे महिने, उजवीकडे सरकत जाणारे. बाजूला उभे इंच. मूल आणलं की त्याचं वय जिथे येतं तिथून वर जायचं, उंची जिथे येते तिथे ठिपका द्यायचा, आणि मागच्या ठिपक्याला रेघेनं जोडायचं. रेघ चढती असेल तर मूल वाढतंय. मधोमध एक छापलेली रेघ असते, ती साधारण मुलांची. रिखबचा ठिपका तिच्याही वर होता. बावीस महिन्यांचा असताना चौतीस इंच. खाली शेठजींची सही. जानेवारीत बालकांचं प्रदर्शन भरलं होतं, त्यात एका धनीबाई नावाच्या बाईची मुलगी वजनात रिखबच्या बरोबरीची निघाली होती. पण उंचीत रिखब अर्धा इंच पुढे ठरला आणि प्रदर्शनाला आलेल्या साहेबाच्या मडमेच्या हातचा चांदीचा कप शेठजींच्या घरी गेला. दुकानात गादीच्या मागे तो कप ठेवलेला असे. लुगडं घ्यायला आलेल्या बाईला आधी कप बघावा लागे, मग लुगडं.

रिखबची आई तो पाच महिन्यांचा असताना तापानं गेली होती. सहा महिन्यांत शेठजींनी आपल्या मुलाचं, पूनमचंदचं दुसरं लग्न लावून दिलं. शेलूबाजारच्या एका छोट्या दुकानदाराची मुलगी, राजमती. सतरा-अठरा वर्षांची असेल. घरात आल्या दिवसापासून तिच्या मांडीवर ते मूल टाकलं गेलं आणि वर कायमचा पहारा बसला, सासूचा. पानाबाई म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. सून मुलाला भात भरवायला बसली की या समोर बसून घास मोजायच्या आणि शेजारणीला सांगायच्या, 'सावत्र ते सावत्रच.' पूनमचंद काय करायचा, म्हणाल तर काही नाही. तो माणूस घरात होता हे जेवायची पानं मांडताना कळायचं.

मूल मात्र राजमतीला आई म्हणायचं. तिच्या पदराचं टोक तोंडात घालून झोपायचं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मे महिन्यात मी रिखबला मोजलं. सव्वीस महिन्यांचा झाला होता. दोन वर्षांवरचं मूल उभं राहू शकत असेल तर त्याला उभं मोजायचं, तसं मी मोजलं. पाय उघडे, टाचा भिंतीला, कुल्ले भिंतीला, खांदे भिंतीला. नजर सरळ समोर, हनुवटी वर नाही की खाली नाही. मग लाकडाचा काटकोनी ठोकळा डोक्यावर टेकवायचा, केस दबतील इतका, आणि आपले डोळे त्या आकड्याच्या बरोबर समोर आणून वाचायचं. चौतीस. पुन्हा मोजलं. चौतीस.

चार महिन्यांत एक दोराभर वाढ नाही. वजन तर चांगलं वाढलेलं, गाल लाल, मांड्या घट्ट. असं मूल वाढत नाही म्हटलं तर आधी मोजणाऱ्यावर संशय घ्यावा, मुलावर नाही. मी चौकटीतला कागद काढून ठिपका दिला आणि बाजूला पेन्सिलीनं लिहिलं, 'उभं. पुन्हा तपासणे.' मागच्या ठिपक्याजवळ उभं की आडवं काहीच लिहिलेलं नव्हतं. तिथे फक्त सही होती, चांगली लांबलचक.

पण मुलासोबत आलेल्या पानाबाईंना लिहिलेलं वाचता येत नव्हतं आणि रेघ मात्र बघता येत होती. बाकीच्या मुलांच्या रेघा शिडीसारख्या चढत होत्या आणि त्यांच्या नातवाची जमिनीला समांतर पडली होती. त्यांनी काचेवर बोट आपटलं आणि म्हणाल्या, "पाह्यलं का? चार महिन्यापासून माह्या लेकराले उपाशी मारून राह्यली."

मी म्हटलं, वजन वाढलंय, हे उपाशी मुलाचं लक्षण नव्हे, मला पहिलं माप कसं घेतलं ते कळू द्या. पालथ्या घड्यावर पाणी. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट बाजारात पोचली, रात्री शेठजींच्या ओट्यावर निवाडाही झाला. राजमतीला शेलूबाजारला पाठवून द्यायचं, पुढच्या सोमवारच्या मोटारीनं, आणि परत बोलवायचं नाही. मुलासाठी एखादी विधवा आत्या बघू. पूनमचंदला विचारलं गेलं नाही आणि त्यानंही कुणाला काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी राजमती मुलाला घेऊन एकटीच केंद्रात आली. रडत नव्हती. मला रडणाऱ्या बायका आवडत नाहीत, त्यामुळे मला ती तिथेच आवडली. तिनं विचारलं, "बाई, तुमच्या कागदानं मले हाकलून देलं. तो कागद खोटा असू शकते का?"

मी तिला म्हटलं, कागद खोटा नसतो, त्याच्यावर ठिपका देणारा खोटा असू शकतो. जानेवारीत काय काय झालं ते सगळं सांग, गाळू नकोस.

तिनं सांगितलं. रिखबला एका फळीवर निजवलं होतं. ही फळी अजून केंद्रात होती: डोक्याकडे एक आडवी पाटी कायम ठोकलेली, पायाकडे एक पाटी सरकणारी, मध्ये इंच रंगवलेले. फळी चांगली होती. खोट फळीत नव्हती. रिखबचे पाय सोजरबाई दाईनं धरले होते. डोक्याकडे शेठजी स्वतः उभे होते, सफारी टोपी घालून, कारण मडम बघत होती. राजमतीला जवळ येऊ दिलं नव्हतं. सावत्र आईची सावली मापावर नको म्हणून.

"आणि डोकं पाटीला टेकलं होतं?" मी विचारलं.

तिनं मान हलवली. डोकं कसं टेकणार, बुचडा होता ना. रिखबचं जावळ काढायचा नवस शिरपूरच्या पार्श्वनाथाला बोललेला होता. जन्मापासूनचे केस तसेच, कात्री न लागलेले; टाळूवर त्यांची गाठ बांधलेली, काळ्या दोऱ्यानं घट्ट, तेलानं कडक झालेली. देवाचे केस म्हणून कुणी सोडायचे नाहीत की दाबायचे नाहीत. पाटी टेकली ती गाठीला. प्रदर्शनानंतर पंधरवड्यानं सगळे शिरपूरला गेले आणि जावळ काढलं.

मला हसू आलं. मडमेनं चांदीचा कप केसांच्या बुचड्याला दिला होता.

गाठ इंचभर असेल तर तेवढा इंच खोटा. शिवाय मूल आडवं मोजलं की उभ्यापेक्षा थोडं लांब भरतं, पाव इंच तरी, कारण उभं राहिलं की अंगाचं ओझं कण्यावर येतं. आडवं माप आणि उभं माप एकाच रेघेत जोडायचं तर कुठलं कसं घेतलं ते लिहावं लागतं, नाहीतर वाढणारं मूल आटलेलं दिसतं. म्हणजे मुलगा खरोखर सव्वा इंच वाढला होता आणि शेठजींनी तो सव्वा इंच आधीच खर्चून टाकला होता. राजमतीला मी एवढंच विचारलं की कापलेलं जावळ कुठे आहे. पैनगंगेत सोडायचं म्हणून पानाबाईंनी फडक्यात बांधून देवळीत ठेवलं होतं, तिनं सांगितलं. शेठजींना नदीपर्यंत जायला सवड झाली नव्हती. गिऱ्हाइकं होती ना.

मी सरळ दुकानात गेले. शेठजींना सांगितलं की अकोल्याचे मोठे डॉक्टर येत्या आठवड्यात केंद्र तपासायला येणार आहेत. ही बातमी त्यांना आधीच होती; तक्त्याची काच पुसायला त्यांनी दोनदा माणूस पाठवला होता. त्याआधी रिखबचं माप सगळ्यांसमोर घ्यायचं आहे, घरातले सगळे लागतील, आणि जावळाचं फडकंही लागेल, असं मी सांगितलं. ते म्हणाले, देवाची वस्तू मापायला देत नाहीत. मी म्हटलं, देवाची वस्तू तुम्ही जानेवारीतच मापली आहे.

रविवारी दुपारी केंद्रात जमले ते शेठजी, पानाबाई, पूनमचंद, सोजरबाई आणि मुलाला घेऊन राजमती. पानाबाई दारातच म्हणाल्या की सावत्र बाईला मुलाचं डोकं धरू देऊ नका. मी म्हटलं, ज्या हातात मूल रडत नाही ते हात डोक्याला लागतील. रिखब आधीच तिच्याकडे झेपावत होता, तेव्हा वाद संपला.

फळी सपाट टेबलावर ठेवली. राजमतीला डोक्याच्या टोकाशी उभं केलं आणि दाखवलं: दोन्ही तळव्यांत डोकं असं घ्यायचं, की टाळू पाटीला भिडेल आणि मुलाची नजर सरळ वर, छताकडे राहील. तिनं त्याचं आवडतं कावळ्याचं गाणं म्हणायला सुरुवात केली, तो तिच्या तोंडाकडे बघत शांत पडून राहिला. मी एका हातानं गुडघे हळूच दाबले, दुसऱ्या हातानं पायाची पाटी सरकवत तळव्यांना भिडवली. पाय सरळ, टाचा पाटीला टेकलेल्या. वाचलं. सव्वाचौतीस. पाटी मागे घेतली, मुलाला हालू दिलं, पुन्हा सगळं केलं. सव्वाचौतीस.

मग फडकं उघडलं. आत ती गाठ होती, दोरा अजून बांधलेला, न्हाव्यानं मुळातून कापलेली, अक्रोडासारखी टणक. मी ती टाळू आणि पाटी यांच्यामध्ये ठेवली, जिथे जानेवारीत होती. मूल तेवढं खाली सरकलं. पायाची पाटी पुन्हा भिडवली आणि शेठजींना म्हटलं, आता तुम्ही वाचा, तुम्हाला सवय आहे.

शेठजींनी चष्मा लावला. सव्वापस्तीस, असं त्यांच्या तोंडून निघालं, फार बारीक आवाजात.

"मंग बाप्पा," सोजरबाई म्हणाली, "पोट्टं त तवा तेहतीसच होतं."

रिखब चार महिन्यांत सव्वा इंच वाढला होता, आणि तो वाढला होता राजमतीच्या हातचं खाऊन. हे कळायला डोकं लागत नव्हतं, फक्त बघायची तयारी लागत होती. पण शेठजींचं लक्ष नातवाकडे नव्हतंच. त्यांना दुसरीच अडचण दिसली होती. पहिला ठिपका इंचभर खाली आणला तर धनीबाईची मुलगी अर्ध्या इंचानं पुढे जात होती. म्हणजे कप त्यांचा नव्हता. पहिला ठिपका तसाच ठेवला तर सून मुलाला उपाशी ठेवणारी ठरत होती. एका बाजूला कप, दुसऱ्या बाजूला एका मुलीचं सगळं आयुष्य. आणि तो माणूस मनात दोन्हींचं वजन करत होता. मी बघत होते.

मग त्यांना मार्ग सुचला. मला बाजूला घेऊन त्यांनी समजावलं: पहिल्या ठिपक्यावर मडमेसमोर सही झालेली आहे, तो हलवता येत नाही. पण दुसरा तर तुमच्या हातचा आहे, तो एक इंच वर लावा. रेघ चढेल, सून राहील, कप राहील. कुणाच्या बापाचं काय जातंय.

जन्मभर गज आखडून धरणाऱ्या माणसानं पहिल्यांदा कुणाला तरी इंचभर जास्त द्यायला हात सैल सोडला होता. माझ्या तोंडावर थुंकल्यासारखं वाटलं मला. मी त्यांना म्हटलं, "मी वर लावीन. मग अकोल्याचे डॉक्टर येतील, पोराला भिंतीला उभं करतील, आणि तक्त्यावर पस्तीस असताना त्यांना चौतीस दिसतील. तेव्हा सही कुणाची खोटी म्हणू, तुमची की माझी? सून शेलूबाजारला असो नाहीतर वाशीमला, पोराची उंची तेवढीच राहणार आहे."

पूनमचंद खिडकीतून बाहेर बघत होता. बाहेर एक भिंत होती.

मी चौकट उतरवली, कागद बाहेर काढला, पहिल्या ठिपक्यावर एक रेघ मारली आणि त्याच्या खाली तेहतीसवर नवा ठिपका दिला. लिहिलं, 'आडवं. जावळाची गाठ वजा.' चौतीसजवळ लिहिलं, 'उभं,' आणि त्याच उभ्या ओळीत सव्वाचौतीसवर तिसरा ठिपका, 'आडवं.' आडव्याला आडवं जोडलं. रेघ छान चढली. रिखब साधारण मुलांच्या रेघेच्या किंचित खाली होता आणि तिच्यासोबत चालला होता. एवढंच हवं असतं. सगळ्या गावात उंच असण्याची मुलाला काही गरज नसते, ती आजोबाला असते.

सोमवारची मोटार राजमतीशिवाय गेली.

पण शेठजी म्हणजे शेठजी. डॉक्टर आले त्या दिवशी मांडव घातला, पेढ्यांचे दोन पेटारे आणले, आणि आपण होऊन उभे राहून सांगितलं की माझ्या नजरेला मापात एक बारीक फरक आला, माझ्या मनाला ते सहन झालं नाही, म्हणून हा कप मी धनीबाईंच्या मुलीला देत आहे. टाळ्या पडल्या. डॉक्टरांनी त्यांच्या सचोटीबद्दल दहा मिनिटं भाषण केलं. हार घातला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण पैसेवाल्यानं हात दाखवला की लोक त्याच्यावर हळदीकुंकू वाहतात. धनीबाई तांड्यावरून चालत आली होती. तिनं कप हातात घेतला, आत बघितलं, वाजवून पाहिला आणि मला विचारलं की यात किती दूध मावतं. सबंध कार्यक्रमात शहाणपणाचं वाक्य तेवढंच झालं.

राजमती बायकांच्या रांगेत मागे बसली होती. तिच्याबद्दल भाषणात अक्षर नव्हतं. चार दिवस बाजारभर जिला उपाशी मारणारी म्हटलं, तिच्याकडे आता कुणी बघतही नव्हतं, जणू ती गोष्ट कधी झालीच नव्हती. सगळं आटपल्यावर पानाबाई तिच्यापाशी आल्या. आवाजात साखर होती. म्हणाल्या, सासऱ्यानं तुझ्यापायी चांदीचा कप परत केला, जा, पाया पड त्याच्या.

राजमती उठली. सासऱ्यापाशी गेली नाही. रिखबला कडेवर घेऊन ती भिंतीवरच्या मापापाशी आली, त्याच्या पायातलं काढलं, टाचा भिंतीला लावल्या, खांदे लावले, हनुवटी बोटानं सरळ केली. तिनं सगळं बरोबर केलं. सासूकडे न वळता म्हणाली, "त्यायनं कप परत केला. माहं नाव हिसकून घेतलं होतं, ते कोण परत करीन?"

शेठजींनी हार काढून ठेवायला सुरुवात केली होती, तो कानाला अडकला होता. मी ठोकळा रिखबच्या डोक्यावर टेकवला, खाली वाकले आणि वाचलं.

"चौतीस," मी म्हटलं.

"मोठ्यानं सांगा, बाई," राजमती म्हणाली. "त्यायले ऐकू येऊ द्या."